मधला आधार १० मिमी खचला तर: दोन गाळ्यांचा बीम स्लोप-डिफ्लेक्शनने सोडवताना

विदर्भाच्या काळ्या जमिनीत बांधकाम करणाऱ्याला पाया खचणे नवीन नाही. उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वाळली की पुन्हा आकसते. तिच्यावर उथळ फुटिंग ठेवले की त्यावरचा कॉलम मातीबरोबर खाली-वर होतो. प्रश्न असा की कॉलम काही मिलिमीटर खाली गेला तर वरच्या बीममध्ये नेमके काय बदलते? ‘थोडा ताण वाढतो’ एवढे उत्तर पुरत नाही. कुठे वाढतो, कुठे कमी होतो आणि कुठे चक्क उलटा होतो, हे आकड्यात काढता येते. स्लोप-डिफ्लेक्शन पद्धतीत ते हाताने, दोन समीकरणांत निघते. ही पद्धत जॉर्ज मॅनी या अमेरिकन अभियंत्याने १९१४-१५ च्या सुमारास मांडली. आज सॉफ्टवेअर हेच काम करत असले तरी आतला तर्क तोच आहे.

उदाहरण म्हणून गावातल्या एका धान्य-गोदामाच्या पुढच्या बाजूचा आरसीसी बीम घेऊ. एकूण लांबी १० मीटर. डावे टोक A जाड आरसीसी भिंतीत एकसंध ओतलेले आहे आणि त्या भिंतीचा पाया खाली मुरमात गेलेला आहे. हे आपले फिक्स टोक. तिथून ६ मीटरवर मधला कॉलम B, ज्याचे फुटिंग मुरमापर्यंत न नेता काळ्या मातीतच थांबवले आहे. पुढे ४ मीटरवर उजवे टोक C, दगडी भिंतीवरच्या बेड ब्लॉकवर नुसते टेकलेले. तेही मुरमावरच. बीमवर स्वतःच्या वजनासकट सगळीकडे सारखा १८ किलोन्यूटन प्रति मीटर भार आहे. छपराचे पाणी नेमके B च्या पायथ्याशी पडते किंवा शेजारचे कडुलिंबाचे झाड तिथला ओलावा ओढून घेते, अशा कारणांनी B बाकीच्या दोन आधारांपेक्षा १० मिमी जास्त खचला असे धरू.

‘बाकीच्यांपेक्षा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. तिन्ही आधार सारखेच १० मिमी खाली गेले तर बीम जसाच्या तसा खाली येतो आणि त्यात एकही जादा मोमेंट येत नाही. A आणि C ४ मिमी खचले आणि B १४ मिमी, तरी आपल्या गणितात जाणारा आकडा १०च. म्हणून पाहणी करताना फक्त B ची पातळी मोजून उपयोग नाही. पाण्याची पारदर्शक नळी किंवा लेव्हल यंत्र लावून तिन्ही ठिकाणच्या पातळ्या एकाच वेळी घ्याव्या लागतात.

समीकरणात तो ३ कुठून येतो

बीमच्या एका गाळ्याचे टोक चार कारणांनी मोमेंट घेते. पहिले, गाळ्यावरचा भार: दोन्ही टोके घट्ट धरली असती तर आला असता तो मोमेंट, म्हणजे फिक्स्ड एन्ड मोमेंट. दुसरे, ते टोक स्वतः किती फिरले. तिसरे, समोरचे टोक किती फिरले, ज्याचा परिणाम स्वतःच्या फिरण्याच्या निम्मा असतो. चौथे, दोन टोकांना जोडणारी सरळ रेषाच तिरपी झाली का. आधार खचण्याचा सगळा परिणाम या चौथ्या भागातून येतो. एकत्र लिहिले की असे दिसते:

```
M_AB = FEM_AB + (२EI/L) (२θA + θB - ३ψ)
M_BA = FEM_BA + (२EI/L) (२θB + θA - ३ψ)
ψ = Δ/L
```

L म्हणजे गाळ्याची लांबी, EI म्हणजे काँक्रीटच्या (E) आणि छेदाच्या (I) ताठरपणाचा गुणाकार, θ म्हणजे टोकाचे फिरणे, Δ म्हणजे दोन टोकांच्या खचण्यातला फरक आणि ψ म्हणजे त्या जोडरेषेचा तिरपेपणा. बरेच विद्यार्थी ३ψ पाठ करतात, पण त्यामागचे कारण एका वाक्याचे आहे. समजा अख्खा गाळा न वाकता, सरळ फळीसारखा ψ एवढा फिरला. मग दोन्ही टोकेही ψ एवढीच फिरतील. बीम वाकलेला नाही, म्हणून मोमेंट शून्यच आला पाहिजे. २ψ + ψ - ३ψ = ०. ३ ऐवजी दुसरा कुठलाही आकडा चालणार नाही. परीक्षेत सूत्र आठवत नसेल तर या विचाराने ते पुन्हा उभे करता येते.

चिन्हांचा नियम एकच ठेवायचा आणि शेवटपर्यंत पाळायचा. गाळ्याच्या टोकावर घड्याळाच्या दिशेने लागणारा मोमेंट धन, घड्याळाच्या दिशेने झालेले फिरणे धन, आणि जोडरेषाही घड्याळाच्या दिशेने झुकली तर ψ धन. म्हणजे गाळ्याचे उजवे टोक डाव्यापेक्षा खाली गेले तर ψ धन आणि डावे टोक खाली गेले तर ऋण.

B खचला की AB गाळ्याचे उजवे टोक खाली जाते. BC गाळ्याचे मात्र डावे टोक खाली जाते. आधार तोच, खचणे तेच, पण दोन गाळ्यांत ψ ची चिन्हे उलटी. AB साठी ψ = +१०/६००० आणि BC साठी ψ = -१०/४०००. या प्रकारच्या गणितात सर्वांत जास्त उत्तरे इथेच बिघडतात. त्याकडे पुढे परत येऊ.

आकडे घालू

बीम २३० × ४५० मिमीचा, काँक्रीट एम २० चे. आयएस ४५६ प्रमाणे E = ५०००√२०, म्हणजे जवळपास २२,३६० न्यूटन प्रति चौरस मिमी. I = २३० × ४५०³ / १२, म्हणजे सुमारे १.७४७ × १०⁹ मिमी⁴. गुणाकार करून एकक बदलले की EI जवळपास ३९,००० किलोन्यूटन-मीटर² येतो. AB साठी २EI/L = १३,००० आणि BC साठी १९,५००.

θ फार लहान असतो, म्हणून तो रेडियनच्या हजाराव्या भागात मोजू. मग १३,००० चा १३ होतो, १९,५०० चा १९.५ होतो आणि शून्यांचा पसारा टळतो. AB चा ψ अशा मापात १.६६७ आणि BC चा -२.५.

भारामुळे येणारे फिक्स्ड एन्ड मोमेंट wL²/१२ प्रमाणे: AB मध्ये ५४, BC मध्ये २४. डाव्या टोकाला ऋण, उजव्याला धन. खचण्याचा भाग AB मध्ये १३ × ३ × १.६६७ = ६५, तो दोन्ही टोकांना वजा होतो. BC मध्ये १९.५ × ३ × २.५ = १४६.२५, आणि ψ ऋण असल्याने तो दोन्ही टोकांना अधिक होतो. A फिक्स आहे म्हणून θA = ०. चारही समीकरणे अशी उभी राहतात (मोमेंट किलोन्यूटन-मीटरमध्ये):

```
M_AB = -५४ + १३θB - ६५
M_BA = +५४ + २६θB - ६५
M_BC = -२४ + ३९θB + १९.५θC + १४६.२५
M_CB = +२४ + १९.५θB + ३९θC + १४६.२५
```

या पायरीवर थोडे थांबून आकडे बघा. छोट्या गाळ्यात भाराचा मोमेंट २४ आणि खचण्याचा १४६. भार तोच असताना १० मिमीने सहापट मोठा आकडा आणला, कारण खचण्याचा भाग L² ने भागला जातो. गाळा जितका आखूड तितका तो खचण्याला जास्त हळवा. गोदामात मोठ्या गाळ्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण धोका शेजारच्या आखूड गाळ्यात जास्त असतो.

अज्ञात दोनच: θB आणि θC. समीकरणेही दोन. B वर दोन गाळ्यांचे मोमेंट एकमेकांना तोलले पाहिजेत, कारण B चा कॉलम बारीक आहे आणि त्याचा फिरण्याला होणारा विरोध आपण सोडून दिला आहे. C वर बीम नुसता टेकलेला आहे, तिथे मोमेंट शून्य.

```
M_BA + M_BC = ०  →  ६५θB + १९.५θC + १११.२५ = ०
M_CB = ०         →  १९.५θB + ३९θC + १७०.२५ = ०
```

दुसऱ्यातून θC = -४.३६५ - ०.५θB. पहिल्यात घातले की ५५.२५θB = -२६.१२५, म्हणजे θB = -०.४७३ आणि θC = -४.१२९ (दोन्ही हजाराव्या रेडियनमध्ये). C वरचे टोक B च्या जवळपास नऊपट फिरले आहे आणि घड्याळाच्या उलट दिशेने. B कडे उतार झालाय म्हटल्यावर हे पटण्यासारखेच आहे.

हे आकडे परत वरच्या चार समीकरणांत घातले की M_AB = -१२५.१५, M_BA = -२३.२९, M_BC = +२३.२९ आणि M_CB = ०.

न खचलेल्या बीमशी तुलना

नुसत्या १२५ या आकड्यातून काही कळत नाही. म्हणून तेच गणित Δ = ० ठेवून एकदा करावे. ६५ आणि १४६.२५ हे आकडे गळून पडतात, बाकी सगळे तसेच राहते. तेव्हा M_AB = -५८.२४ आणि M_BA = +४५.५३.

न खचलेल्या बीममध्ये A वर ५८ चा आणि B वर ४५.५ चा हॉगिंग मोमेंट आहे, म्हणजे दोन्ही ठिकाणी बीमचा वरचा भाग ताणात. नेहमीप्रमाणे वरच्या जादा सळया याच दोन ठिकाणी टाकल्या जातात. खचल्यावर A चा मोमेंट ५८ वरून १२५ वर गेला, दुपटीहून जास्त. आणि B वर चिन्हच बदलले. उजव्या टोकाला धन म्हणजे हॉगिंग होते, आता -२३.२९ आले. याचा अर्थ B वर बीम सॅगिंगमध्ये आहे. वरच्या जाड सळया दाबात आणि खालचा भाग ताणात, जिथे ताण येईल असे कुणाच्या मनातही नव्हते.

हा बदल खचण्याच्या सरळ प्रमाणात होतो. दर मिलिमीटरला A वर ६.६९ ची वाढ आणि B वर ६.८८ ची घट. म्हणून B वरचा हॉगिंग मोमेंट ४५.५३ / ६.८८ = ६.६ मिमीलाच संपतो. त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर B च्या खालच्या बाजूला ताण वाढवतो. आयएस १९०४ मध्ये आरसीसी इमारतींच्या सुट्या पायांसाठी दोन आधारांमधला खचण्याचा फरक लांबीच्या ०.००१५ पट एवढा धरला आहे. ४ मीटरच्या गाळ्याला तो ६ मिमी येतो. म्हणजे या बीमचा मोमेंट उलटण्याची कडा आणि संहितेची मर्यादा साधारण एकाच ठिकाणी येऊन भेटतात.

गाळ्यांच्या मधले मोमेंटही बदलतात. AB मधला कमाल सॅगिंग मोमेंट २९ वरून ४७ वर जातो. BC मधला १७ वरून ४९ वर, जवळपास तिप्पट. आखूड गाळ्याबद्दल वर जे म्हटले ते इथे दिसते: ज्या गाळ्यात खालच्या सळया ‘नावापुरत्या’ टाकल्या जातात तिथेच त्यांची गरज तिप्पट झाली.

उत्तर बरोबर आहे हे कसे ओळखायचे

आधी आधारांवरचा भार काढा. प्रत्येक गाळा सुटा करून एका टोकाभोवती मोमेंट घेतले की झाले. न खचता A, B, C वर अनुक्रमे ५६.१, ९९.३ आणि २४.६ किलोन्यूटन. खचल्यावर ७८.७, ५९.४ आणि ४१.८. दोन्ही बेरजा १८०, म्हणजे १८ × १०. खचणाऱ्या आधाराने भार सोडला आणि शेजाऱ्यांनी तो उचलला. असेच व्हायला हवे. तुमच्या उत्तरात खचलेल्या आधाराचा भार वाढला असेल तर चिन्ह चुकले आहे, पुढे जाऊ नका.

याहून पक्की एक तपासणी आहे. B चा भार दर मिमीला ३.९८ ने कमी होतो, म्हणजे ९९.३ / ३.९८ = २४.९ मिमीला तो शून्य होईल. त्या क्षणी B नाहीच असे समजा. मग उरतो १० मीटरचा एकच बीम, एक टोक फिक्स आणि दुसरे टेकलेले. त्याचे A पासून ६ मीटरवरचे वाकणे पुस्तकातल्या सूत्राने काढा:

```
y = w x² (३L² - ५Lx + २x²) / (४८EI)
  = १८ × ३६ × (३०० - ३०० + ७२) / (४८ × ३९०००)
  = ०.०२४९ मीटर
```

बरोबर २४.९ मिमी. पूर्णपणे वेगळ्या वाटेने तोच आकडा आला, त्यामुळे आपल्या समीकरणांवर विश्वास ठेवता येतो. याच तपासणीतून पद्धतीची एक मर्यादाही कळते. २५ मिमीच्या पुढे समीकरणे B वर ऋण भार दाखवतील, म्हणजे कॉलम बीमला खाली ओढतोय असे. कॉलमच्या सळया बीममध्ये गुंतलेल्या असतील तर कॉलम आणि फुटिंगच्या वजनाएवढी ओढ खरोखर बसू शकते. विटांच्या खांबावर नुसता टेकलेला बीम मात्र सरळ सुटतो आणि त्यापुढे मोमेंट वाढतच नाही. समीकरणाला यातला फरक माहीत नसतो.

आता ती ψ च्या चिन्हाची चूक. BC मध्येही ψ धन धरला तर काय होते ते करून बघण्यासारखे आहे. M_BC मध्ये -२४ - १४६.२५ आणि M_CB मध्ये +२४ - १४६.२५ येईल. सोडवल्यावर θB = +२.१७४, M_AB = -९०.७४ आणि M_BA = +४५.५३. B वर दोन्ही मोमेंट एकमेकांना तोलतात, C वर शून्य येते, आधारांवरच्या भारांची बेरीजही १८० च. म्हणजे नेहमीच्या सगळ्या तपासण्या बिनबोभाट पास होतात. वरून B चा आकडा न खचलेल्या बीमएवढाच दिसतो, त्यामुळे ‘खचण्याचा B वर परिणाम होत नाही’ असा निष्कर्ष कुणीही काढेल.

असे का होते? कारण ते उत्तर चुकीचे गणित नसून दुसऱ्याच बीमचे बरोबर उत्तर आहे: ज्यात B १० मिमी आणि C २० मिमी खचला आहे. समतोलाच्या तपासण्या फक्त समतोल बघतात, बीम कुठल्या आकारात गेला हे बघत नाहीत. चूक पकडायची तर C वरचा भार बघा. चुकीच्या उत्तरात तो २४.६ च राहतो. शेजारचा आधार १० मिमी खाली गेला आणि C ला त्याचा पत्ताही नाही, हे शक्य नाही. त्याहून सोपे म्हणजे गणित सुरू करण्याआधी खचलेल्या बीमची वाकडी रेघ वहीत काढावी आणि प्रत्येक गाळ्याच्या जोडरेषेवर झुकण्याचा बाण मारून ठेवावा.

EI चा खरा आकडा का लागतो

नुसत्या भाराच्या गणितात EI किती हे माहीत नसले तरी मोमेंट निघतात. दोन्ही गाळ्यांत EI सारखा असेल तर तो शेवटी कटतो. त्यामुळे ‘EI = १ धरा’ ही सवय लागते. खचण्याच्या गणितात हीच सवय घात करते, कारण तिथे मोमेंट थेट EI आणि Δ च्या गुणाकारावर ठरतो. दोन्हींची खरी किंमत आणि जुळणारे एकक हवे: EI किलोन्यूटन-मीटर² मध्ये असेल तर Δ मीटरमध्ये, ०.०१. तिथे १० लिहिले तर मोमेंट हजारपट येतो, ते निदान लगेच लक्षात तरी येते. EI च्या निवडीतली चूक लक्षात येत नाही.

काँक्रीटच्या बाबतीत ‘खरी किंमत’ वेळेवर अवलंबून असते. दाब सतत राहिला की काँक्रीट हळूहळू आणखी दबत जाते, त्याला क्रीप म्हणतात. आयएस ४५६ मध्ये २८ दिवसांनी भार आलेल्या काँक्रीटसाठी क्रीपचा गुणांक १.६ दिला आहे, म्हणजे दीर्घकाळचा E हा E/२.६ धरायचा. आपला EI ३९,००० चा १५,००० होतो. वर्षानुवर्षे सावकाश १० मिमी खचलेल्या बीममध्ये खचण्याचे मोमेंट २.६ पट कमी येतील. A वर ६६.९ ऐवजी २५.७ ची वाढ, आणि B वर ६८.८ ऐवजी २६.५ ची घट. तेव्हा B वर १९ चा हॉगिंग मोमेंट शिल्लक राहतो, चिन्ह उलटतच नाही.

तेच १० मिमी, पण पटकन खचले तर B ची खालची बाजू ताणात आणि सावकाश खचले तर वरची. काळ्या मातीचे आकसणे साधारण ऑक्टोबर ते मे या काळात होते, म्हणजे हा बीम दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. म्हणून ३९,००० आणि १५,००० असे दोन्ही EI घेऊन गणित करणे आणि दोन्ही उत्तरांना पुरेल असे लोखंड टाकणे हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो. बीमला तडे गेले की EI आणखी उतरतो, त्यामुळे ३९,००० ने आलेले आकडे ही वरची मर्यादा समजावी.

याचीच दुसरी बाजू म्हणजे बीम जाड करण्याचा सल्ला. साइटवर तो हमखास मिळतो. ४५० ऐवजी ६०० मिमी खोल बीम केला तर EI २.३७ पट होतो, म्हणून त्याच १० मिमीला A वर खचण्याचा मोमेंट ६६.९ वरून सुमारे १५९ वर जातो. छेदाची वाकण्याला तोंड देण्याची ताकद मात्र खोलीच्या वर्गाने, १.७८ पटच वाढते. भारासाठी खोल बीम चांगला, खचण्यासाठी तोच बीम जास्त ताठर आणि म्हणून जास्त त्रासात. इथे पैसा बीमवर न घालता B चे फुटिंग मुरमापर्यंत नेण्यावर घालायला हवा.

पावसाळ्यात उलटे, आणि सळया कुठे थांबवायच्या

जून-जुलैत माती फुगून हलक्या भाराचा कॉलम वर उचलला गेला तर त्याच समीकरणात Δ ऋण घालायचा, नवीन काही मांडावे लागत नाही. B १० मिमी वर गेला तर A वर ५८.२४ मधून ६६.९१ वजा, म्हणजे तिथे ८.७ चा सॅगिंग मोमेंट. B वर ४५.५३ + ६८.८२ = ११४.४ चा हॉगिंग. एकाच वर्षात B ची वरची बाजू ११४ चा ताण बघू शकते आणि काही महिन्यांनी खालची बाजू २३ चा. हे सगळे आकडे भार-गुणक न लावता आहेत, डिझाइनला ते लावायचेच.

खचलेल्या अवस्थेत आणखी एक गोष्ट सरकते: A जवळचा हॉगिंग भाग संपण्याची जागा. न खचता ती A पासून १.३ मीटरवर होती, आता २.१ मीटरवर गेली. A वरच्या जादा सळया गाळ्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत, म्हणजे दीड मीटरवर तोडण्याची पद्धत आहे. तिथे खचलेल्या बीममध्ये अजून २७ चा हॉगिंग मोमेंट शिल्लक असतो आणि वर फक्त रिंगा धरण्यासाठी ठेवलेल्या दोन बारीक सळया असतात. म्हणून पाहणी करताना फक्त भिंतीच्या तोंडाशी तडा शोधू नये. भिंतीपासून दीड मीटरवर वरून खाली येणारा तडा दिसला आणि B च्या कॉलमलगत बीमच्या पोटाला तडा असला, तर दोन्ही मिळून B खचल्याचीच खूण. पोटाचे प्लास्टर खरवडून तो तडा काँक्रीटपर्यंत गेलाय का हे बघावे.

नवीन बांधकामात A वरच्या जादा सळया २.१ मीटरच्या पुढे आणखी बीमच्या खोलीएवढ्या, म्हणजे साधारण २.६ मीटरपर्यंत न्याव्यात. खालच्या सळयांबाबत आयएस ४५६ सलग बीमच्या आधारात किमान चौथा हिस्सा नेण्यास सांगते, आणि साइटवर तेवढेच होते: दोन्ही गाळ्यांच्या खालच्या सळया B च्या कॉलममध्ये थोड्या घुसवून थांबवतात किंवा तिथेच एकमेकींवर चढवतात. B हॉगिंगमध्ये असेपर्यंत ते चालते. B ची खालची बाजू ताणात गेली की तो जोड नेमका ताणाच्या जागी येतो. बाजारात सळई १२ मीटर लांबीची येते आणि हा बीम १० मीटरचा आहे. खालच्या निदान दोन सळया A च्या भिंतीत अडकवून C पर्यंत अखंड नेता येतात, जोडाचा प्रश्नच उरत नाही. फक्त गावापर्यंत आणताना त्या मधोमध दुमडलेल्या असतात, तेव्हा तो बाक सरळ केलेला भाग B वर येणार नाही अशा बेताने सळई मांडावी.